व्हर्मिअरच्या चित्रात आपला चेहरा: ओळख न हरवता तैलचित्र कसं करावं

जुन्या तैलचित्रात ओळखीच्या माणसाचा चेहरा बसवताना बहुतेकांचं एकाच जागी बिनसतं. चित्र छान दिसतं, पण माणूस कुणीतरी तिसराच वाटतो. कारण चेहरा चित्राच्या मापात बसावा म्हणून तो ताणला, दाबला जातो. माणूस ओळखू येतो तो अंतरांवरून: दोन डोळ्यांमधलं, नाकापासून ओठापर्यंतचं, ओठापासून हनुवटीपर्यंतचं. जुन्या चित्राचा भास होतो तो उजेड, रंग आणि कडांमुळे. म्हणून चेहऱ्याच्या मापांना हात लावायचा नाही आणि बाकी सगळं बदलायचं, एवढं एक सूत्र धरून चाललं की काम जमतं.

इथे घेतलेलं चित्र आहे डच चित्रकार योहानेस व्हर्मिअरचं ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’. साधारण 1665 सालचं हे चित्र नेदरलँड्समध्ये हेग इथल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. ते स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्यामुळे त्याची मोठी प्रत नेटवरून मोफत उतरवता येते. निवडीचं खरं कारण मात्र फेटा. निळ्या-पिवळ्या फेट्याखाली केस पूर्ण झाकलेले आहेत आणि चेहरा जोडताना सगळ्यात जास्त वेळ केसच खातात. मागची पार्श्वभूमीही जवळजवळ काळी आहे, त्यामुळे गालाची रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी ती भरून काढता येते.

आधी फोटो काढा, जुना शोधत बसू नका. चित्रात उजेड आपल्या डावीकडून येतो, मुलीचं अंग डावीकडे वळलेलं आहे आणि ती डाव्या खांद्यावरून आपल्याकडे बघते. माझ्या भाचीला मी तसंच खिडकीशी बसवलं, घरातले सगळे दिवे घालवले आणि तिच्या उजेडाविरुद्धच्या बाजूला एक काळी शाल टांगली, म्हणजे पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येऊन सावली फिकी होत नाही. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळली. त्या ओढणीमुळे कपाळावर पडणारी सावली आपोआप फेट्यासारखी येते. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि निदान दोन मीटर लांब ठेवून झूम केला. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात आणि नंतर ते कशानेही सुधारत नाही. त्वचा गुळगुळीत करणारी मोबाईलची सोय बंद ठेवा. ओठ किंचित विलग हवेत. फोटो दुसऱ्या कुणाचा असेल तर काय करणार आहात ते त्यांना आधी सांगून होकार घ्या.

पुढचं काम जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. आधी चित्र उघडा, त्याच्या थराची `Duplicate Layer` ने एक प्रत करून ठेवा आणि मग `File > Open as Layers` मधून फोटो वर आणा. फोटोची `Opacity` 50 वर आणली की खालची मुलगी दिसू लागते. आता `Scale` आणि `Rotate` वापरून फोटोतल्या डोळ्यांची रेघ आणि ओठांची रेघ चित्रातल्या रेघांवर आणा. रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेलीच राहू द्या, नाहीतर चेहरा नकळत ताणला जातो.

भाचीचा चेहरा गोल आहे. डोळे आणि ओठ जुळले तेव्हा तिचा गाल उजवीकडे फेट्याच्या कडेबाहेर आला. अशा वेळी गाल आत ढकलण्याचा मोह होतो आणि तिथेच ओळख जाते. गाल तसाच ठेवून मी खालच्या चित्राच्या थरावर `Warp Transform` घेतलं आणि मोठ्या ब्रशने फेट्याची कड थोडी बाहेर ओढली. कापडाची घडी जरा रुंद झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. गाल अरुंद झाला तर आईच्या पहिल्या नजरेत येतं.

मग फोटोची `Opacity` परत 100 वर न्या, त्याच्या थराला `Add Layer Mask` मधून काळा मास्क लावा, म्हणजे फोटो पूर्ण झाकला जातो, आणि मऊ ब्रशने मास्कवर पांढरं रंगवत चेहरा हळूहळू उघडा. कपाळावर फेट्याच्या कडेपाशी थांबा. जबडा फोटोतला घ्या. मान, कानाची पाळी आणि मोती चित्रातला राहू द्या. जुन्या मुलीची हनुवटी कुठे डोकावत असेल तर `Clone` ने मानेचा रंग घेऊन ती झाका. हनुवटीखालची सावली मात्र नव्या जबड्याप्रमाणे पुन्हा घालावी लागते. ती नसली की चेहरा मुखवट्यासारखा चिकटवलेला दिसतो.

रंग जुळवताना चेहरा गोरा करू नका. भाचीचा रंग गव्हाळ आहे, म्हणून `Colors > Curves` ने मी चित्रातली मान आणि कानाची पाळी तिच्या रंगाकडे आणली. चेहऱ्यात दोनच गोष्टी बदलल्या. सावल्या फोटोत निळसर येतात, त्या तपकिरी उबेकडे नेल्या. आणि डोळ्यांचा पांढरा भाग खाली उतरवला, कारण तो फेट्यापेक्षा किंवा कॉलरपेक्षा उजळ राहिला तर नजर तिथेच अडकते.

पोत सगळ्यात शेवटी. चेहऱ्याच्या थराची प्रत करून तिच्यावर हलका `Median Blur` आणि मग `Oilify` लावा, पण डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे मास्कने मोकळे ठेवा. माणूस तिथेच ओळखला जातो. व्हर्मिअरने नाकाची कड गालापासून रेघेने वेगळी केलेली नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळतात. आपणही उजेडातली ती कड मऊ ब्रशने विरवायची. डोळ्यांत चमक वर डाव्या बाजूलाच हवी. ओठाच्या कोपऱ्यात त्याने रंगाचा छोटा ठिपका ठेवला आहे, तसाच एक ठिपका टाकला की ओठ ओलसर दिसतात.

भाचीच्या नाकातली चमकी मी काढली नाही, ती तिची ओळख आहे. ती रंगवायची रीत मोत्याकडूनच मिळते. चित्रातला मोती म्हणजे वर एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बाकी जवळजवळ काहीच नाही. चमकीलाही एक तेजस्वी ठिपका आणि त्याखाली एक फिका, एवढं पुरतं.

जुन्या रंगाच्या बारीक तडा हव्या असतील तर मूळ चित्रातल्या गालाचा सपाट तुकडा घ्या, त्यावर `High Pass` लावून तो नव्या चेहऱ्यावर `Overlay` मध्ये 25 टक्क्यांच्या आसपास ठेवा. संपूर्ण चेहऱ्याचा थर असा वापरू नका. तडांबरोबर जुन्या मुलीचे डोळे-नाकही वर येतात.

तपासायला `Flip Horizontally` करून बघा, वाकडं बसलेलं लगेच दिसतं. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं छोटं करून घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवा. नाव लगेच आलं पाहिजे. “हिच्यासारखी दिसते” असं उत्तर आलं तर बहुधा `Oilify` ओठांपर्यंत पोचलेलं असतं किंवा साखळी कुठेतरी सुटलेली असते.

मूळ चित्र 44.5 × 39 सेंटिमीटरचं आहे. त्याच मापात 300 डीपीआयने छापायचं तर फाईल साधारण 5256 × 4606 पिक्सेलची लागते. चकचकीत कागद टाळून मॅट कॅनव्हास घ्या. छपाईत काळा रंग आणखी खोल जातो, म्हणून पाठवण्याआधी सावल्या थोड्या उचला आणि फक्त चेहऱ्याचा एक छोटा नमुना आधी छापून खिडकीच्या उजेडात बघून घ्या.