परदेशातून गावच्या जमिनीची तपासणी : आधी फेरफार, मग फावडं

वडील गेल्यानंतर गावाकडची दोन एकर आपल्याकडे आली, असं आपण धरून चालतो. कायद्याने ती येतेही. परकीय चलन नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. आणि विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. त्यातही महाराष्ट्रात घेणारा सहसा शेतकरी असावा लागतो. प्रश्न असतो तो गावदप्तरात आपलं नाव आलंय का, आणि त्या गटातली माती नेमकी कशी आहे, हा. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून तपासता येतात. क्रम मात्र उलटा करू नये. दप्तरात नाव नसताना मातीवर पैसे घालणाऱ्यांची संख्या कमी नाही.

पुढचं सगळं एका नमुन्यावर सांगतो. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, गट १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. सातबाऱ्यावर वडील आणि चुलते, दोघं सामाईक. वडिलांच्या वाट्याला ०.८१. मागे आई, थोरला भाऊ, बहीण आणि परदेशात असलेले आपण. ऊस भाऊच करतो.

पहिली पायरी : सातबारा, आठ-अ आणि त्यामागचा फेरफार

bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त बघण्यापुरता. कुठे द्यायचा असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा काढावा, १५ रुपये लागतात. अडचण येते ती ओटीपीची. भारतातला नंबर बंद पडला असेल किंवा परदेशी नेटवर्कवर साइट उघडतच नसेल, तर गावातल्या माणसाला उतारा काढून पीडीएफ पाठवायला सांगावं आणि त्यावरचा क्यूआर कोड स्वतः तपासावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागदाचा फोटो म्हणजे उतारा नव्हे.

हातात आल्यावर आधी नावं बघू नका, आधी «इतर अधिकार» हा रकाना वाचा. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, जुनं कुळ, विहिरीतला हिस्सा हे सगळं तिथे असतं. वडिलांनी कर्ज फेडलं असलं तरी बोजा कमी केल्याचा फेरफार झाला नसेल, तर तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. मग भूधारणा पद्धती बघा. «भोगवटादार वर्ग १» असेल तर ठीक, «वर्ग २» असेल तर जमीन शासनाकडून अटींवर मिळालेली आहे आणि विक्रीला परवानगी लागते. «पोटखराबा» म्हणजे त्या गटातलं लागवडीस अयोग्य क्षेत्र. आठ-अ उताऱ्यावर त्या गावातलं वडिलांच्या खात्याचं सगळं क्षेत्र एकत्र दिसतं. एखादा विसरलेला गट सापडतो तो तिथेच.

आता नावं. आपल्या नमुन्यात सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी आई आणि थोरला भाऊ दिसतात, बहीण नाही आणि आपणही नाही. यामागे प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. वारस नोंदीचा अर्ज करताना भावाने समोर असलेल्यांची नावं दिली, «तो तिकडेच असतो, ताईचं लग्न झालंय» असं म्हणून विषय संपला. पण नोंद ही नोंद असते. महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. मुलीचा हक्क लग्नामुळे जात नाही, आणि कुणी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तोंडी सोडलेल्या हक्कावर नाव वगळता येत नाही.

म्हणून सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात दिलेला फेरफार क्रमांक घ्या आणि तो फेरफार उघडा. तिथे तलाठ्याने (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) काय लिहिलं, कोणत्या तारखेला नोंद धरली, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केली की अजून प्रलंबित आहे, हे सगळं कळतं. यातली तारीख सगळ्यात महत्त्वाची. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. ती नोटीस जाते गावच्या पत्त्यावर. आपल्याला ती कधीच मिळणार नाही, असं गृहीत धरूनच चालावं. याच कामासाठी «आपली चावडी» आहे : गाव निवडलं की चालू असलेल्या नोटिसा कुणालाही बघता येतात. वडील गेल्यानंतरची पहिली काही वर्षं महिन्यातून दोनदा तिथे नजर टाकावी. पंधरवड्याची मुदत असल्याने महिन्यातून एकदा पुरत नाही.

नोंद अजून धरलीच नसेल तर ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचा उल्लेख असलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असं कायदा सांगतो. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे अपील, मुदत ६० दिवसांची. उशीर झाला असेल तर त्याचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. परदेशातल्या वास्तव्याचे पुरावे इथे कामी येतात.

मुखत्यारपत्र : कशाला लागतं, कशाला नाही

उतारे काढायला, नोटिसा बघायला, माती तपासायला मुखत्यारपत्र लागत नाही. सरकारी मोजणीचा अर्ज, हरकत, अपील, सुनावणीला हजेरी यासाठी लागतं. ते भारतीय वकिलातीसमोर करावं, किंवा तो देश अपोस्टील करारात असेल तर तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टील घ्यावं. राज्यात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. हे राहून गेलं की कागद ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. मजकुरात कामं एकेक करून लिहा आणि «विक्री, गहाण, हक्कसोड यांचा अधिकार नाही» हे वाक्य स्पष्ट घाला. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र भावाला द्यायलाही माझा विरोध आहे. भाऊ वाईट असतो म्हणून नव्हे. त्याच्यावर दबाव आणणारे गावातच असतात, म्हणून.

माती : नमुना नेमका कुठला?

मृद आरोग्य पत्रिका घरात असेल तर ती जरूर बघा, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्यातले १२ घटक खताची मात्रा ठरवायला आहेत. कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनीत खरी भीती असते ती क्षाराची आणि चोपणपणाची. वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन, निचरा न होऊन पांढरी पडलेली रानं त्या भागात भरपूर आहेत.

नमुना घेण्याची वेळ म्हणजे ऊस तुटून गेल्यावर, पुढचं खत टाकण्याआधी, रान वाळलेलं असताना. माणूस गावातलाच, पण शक्यतो जमीन कसणारा नको. त्याला सांगायचं असं : दोन एकरांत नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा, सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, आणि त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढायची. बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, उकिरड्याची जागा टाळायची. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. पांढरट पट्टा दिसला तर त्याचा नमुना वेगळा, चांगल्या मातीत मिसळायचा नाही.

इथे फसगत होते ती साधीच. उन्हात दहा खड्डे कोण घेतो? रस्त्याकडेच्या एका जागची माती पिशवीत भरली जाते. म्हणून प्रत्येक खड्ड्याचा, अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो मागा आणि ते बिंदू नकाशावर टाका. महाभूनकाशावर गटाचा आकार दिसतो, तोच आकार गूगल अर्थवर शोधा. बिंदू एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील, किंवा शेजारच्या गटात पडत असतील, तर नमुना पुन्हा. शेताच्या वेगवेगळ्या वर्षांच्या जुन्या प्रतिमाही गूगल अर्थवर असतात. त्यात बांध सरकलेला दिसला तर शंका घेता येते, पण पुरावा म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची «क» प्रतच चालते.

नमुना जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या. अहवाल थेट आपल्या ईमेलवर मागवा.

समजा अहवाल आला : सामू ८.८, क्षारता ०.५, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, उपलब्ध पालाश भरपूर, मुक्त चुना १२ टक्के. पालाशाचा आकडा बघून खूश होऊ नका, काळ्या जमिनीत तो बहुधा असतोच. कर्ब कमी आहे, पण तो शेणखत, हिरवळीच्या खताने हळूहळू सुधारतो. लक्ष द्यायचं ते पहिल्या दोन आकड्यांच्या जोडीकडे. क्षारता १ च्या आत, म्हणजे विद्राव्य क्षार फारसे नाहीत. तरी सामू ८.५ च्या वर, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटल्याचा संशय. नेहमीच्या चाचणीत हा सोडियम मोजत नाहीत. «विनिमयक्षम सोडियमचं प्रमाण» स्वतंत्र पैसे भरून करून घ्यायचं. ते १५ टक्क्यांच्या वर निघालं तर जमीन चोपण. तिला जिप्सम लागतं आणि त्याआधी निचऱ्याची सोय. नुसतं जिप्सम टाकून सोडियम सुटतो, पण तो वाहून जायला वाट हवी. उलट, सामू साधारण आणि क्षारता जास्त असती तर जमीन नुसती क्षारयुक्त ठरली असती, आणि निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुवून निघाले असते. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. जमीन ठेवायची, वाट्याने द्यायची की विकायची हे ठरवताना तोच उपयोगी पडतो.

प्रयोगशाळा सांगत नाही ती गोष्ट खोलीची. एक मीटर खड्डा खणायला लावा आणि कडेला टेप धरून वरून खालपर्यंत व्हिडिओ घ्यायला सांगा, घाई न करता. काळी माती किती, मुरूम कुठे लागला, चुनखडीचे खडे कुठून सुरू झाले, तळाला पाणी झिरपतंय का, हे सगळं त्यात दिसतं. ४५ सेंटिमीटरवर मुरूम लागला तर शेजारचा सांगतो तो एकरी भाव या रानाला लागू नाही. त्याच फेरीत विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत भरून पाठवायला सांगा. बोअर असेल तर पंप काही वेळ चालवून मगच बाटली भरायची. माती सुधारली आणि पाणीच खारं निघालं, तर जिप्समचा खर्च दोन-तीन हंगामांत वाया जातो.