बचत गटात ‘अंगावरून जाणं’ या विषयावर भाषण कसं द्यायचं

गटाच्या मीटिंगमध्ये आरोग्यावर बोलायला सांगितलं की बहुतेक जणी नेटवरून काहीतरी उतरवून आणतात आणि ‘योनिस्राव’, ‘गर्भाशयमुख’ असले शब्द वाचून दाखवतात, समोरच्या बायका पदर सावरत खाली बघतात आणि विषय संपतो. तसं होऊ द्यायचं नसेल तर बोलायला पंधरा मिनिटं पुरतात, फक्त काय आधी आणि काय नंतर हे ठरवून जावं लागतं.

आधी वेळेचं बघा. हप्ता भरून झाला की बायका उठायला लागतात, म्हणून वसुलीच्या आधी बोलायचं. आणि रजिस्टर लिहायला कुणाचा मुलगा किंवा बँकेचा माणूस बसलेला असेल तर त्याला सरळ सांगा की भाऊ जरा अर्धा तास बाहेर थांबा. एक जरी पुरुष तिथे असला तरी कुणी तोंड उघडत नाही, हे गृहीत धरूनच चाला.

सुरुवात आजाराच्या नावाने करू नका, जे नॉर्मल आहे तिथून करा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पांढरं गेलं की अंगातली ताकद जाते, हाडं झिजतात असं आपल्याकडे खूप जणी मनात धरून बसलेल्या असतात आणि त्या भीतीपायी जे खरंच दाखवायला पाहिजे ते बाजूलाच राहतं. साधारण असं बोला: “बायांनो, थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं सगळ्यांनाच जातं. दोन पाळ्यांच्या मधे ते चिकट, तार सुटेल असं होतं, पाळीच्या आधी घट्ट होतं, गरोदरपणात वाढतं. वास नाही, खाज नाही, रंग नाही, तर त्याला औषध लागत नाही.” एवढं ऐकलं की निम्म्या जणींचा जीव भांड्यात पडतो आणि पुढचं त्या नीट ऐकतात.

मग बिघडलेलं कसं ओळखायचं ते. इथे थोडक्यात आवरा. दह्यासारखं फुटीर आणि प्रचंड खाज असेल तर बहुतेक बुरशीचा संसर्ग असतो. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर तो दुसऱ्या प्रकारचा. हिरवट पिवळं, फेसाळ असेल तर तो संबंधातून लागणारा असू शकतो, त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात नाहीतर बाई बरी होते आणि परत लागण होते. औषधं वेगवेगळी आहेत म्हणून शेजारणीने घेतलेली गोळी किंवा मेडिकलमधून अंदाजाने आणलेली क्रीम चालत नाही, आणि डेटॉल किंवा साबणाने आतून धुणं तर अजिबात नको, आतले चांगले जंतू मरतात आणि त्रास उलट वाढतो. पांढऱ्याबरोबर ओटीपोटात दुखून ताप येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

आता मुख्य भाग, तो रक्ताचा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या आणि हे चार प्रसंग बोटांवर मोजून दाखवा: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणं, आणि पाळीच इतकी की आठ दिवस थांबत नाही किंवा मोठ्या गाठी पडतात. (तासाला एक पॅड भिजतंय आणि थांबतच नाही, किंवा गरोदर असताना रक्त दिसलं, तर ते लगेच, रात्र असली तरी.) याशिवाय रक्त मिसळलेलं घाण वासाचं पाणी जात असेल तर तेही यातच धरा, कारण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये असं होतं.

यातला पहिला प्रसंग एका उदाहरणाने पूर्ण उलगडून सांगा, कारण तोच सगळ्यात जास्त अंगावर काढला जातो. समजा एक काकू आहेत, वय 56, पाळी जाऊन 4 वर्षं झाली. एक दिवस कपड्याला छोटा डाग दिसला, दुखलं काहीच नाही. काकू म्हणतात उष्णता असेल. महिन्याने परत एक डाग. सून म्हणते पाळी परत आली वाटतं. तर इथे थांबून सांगा की वर्षभर बंद झालेली पाळी परत आली असं समजायचं नाही, एकच डाग असला तरी दाखवायचा. न दुखणं हे चांगलं लक्षण नाही, सुरुवातीला दुखत नाहीच. पण घाबरवू पण नका. अशा बायकांमध्ये बहुतेकींना आतली कातडी कोरडी आणि पातळ झाल्यामुळे रक्त दिसतं, दहात साधारण एकीला पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो लवकर सापडला तर पिशवीच्या बाहेर पसरायच्या आत काढता येतो.

काकू दवाखान्यात गेल्यावर काय होईल तेही सांगा, कारण भीती तपासणीचीच जास्त असते. डॉक्टर आतून बघतील, मग सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. पाळी गेलेल्या बाईत ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर बऱ्याचदा काळजी नसते, जास्त असेल तर आतला छोटा तुकडा तपासायला पाठवतात. जाडी कमी आली तरी रक्त परत दिसलं तर परत जायचं, “मागच्या वेळी रिपोर्ट चांगला होता” म्हणून गप्प बसायचं नाही.

एक गोष्ट लोक हमखास गोंधळवतात. सरकारी दवाखान्यात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून जी तपासणी करतात ती त्रास नसलेल्यांसाठी आहे. ती नॉर्मल आली म्हणून वर सांगितलेल्या काकूंना मोकळीक मिळत नाही, ती तपासणी अस्तराचं काही सांगत नाही.

आणि बायका दवाखान्यात जात नाहीत याचं अजून एक कारण आहे, ते टाळू नका. “गेलं की पिशवी काढायला लावतात” ही भीती उगाच नाहीये. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये विधानपरिषदेपर्यंत गेलं होतं. म्हणून स्पष्ट सांगा: नुसतं पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची गरज नसते. कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर कारण विचारा, रिपोर्ट हातात घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला, जमलं तर सरकारी हॉस्पिटलमध्ये, दाखवा.

शेवटी प्रश्न तोंडी विचारू नका, चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायचं नाही. लिहिता न येणाऱ्यांसाठी आशाताईंना कोपऱ्यात बसवा. बहुतेक चिठ्ठीत एक प्रश्न येतोच, रक्त चालू असताना जाऊ का थांबल्यावर? चालू असताना पण जायचं, थांबायची वाट बघायची नाही. जाताना शेवटची पाळी कधी, रक्त किती दिवस आणि कशानंतर दिसलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत एवढं कागदावर लिहून न्या, आणि जायच्या आधी दोन दिवस आत कुठली गोळी किंवा क्रीम घालू नका. चिठ्ठीवरून कुणाला काय आजार आहे ते तुम्ही सांगायला जाऊ नका, फक्त आज जायचं का या आठवड्यात एवढंच सांगा, आणि वाचून झालेल्या चिठ्ठ्या तिथेच फाडून टाका.