सायटोटॉक्सिक औषधांची हाताळणी: फार्मसीच्या कॅबिनेटपासून पिवळ्या पिशवीपर्यंत

कर्करोग विभागाच्या फार्मसीत नव्याने रुजू झालेला फार्मासिस्ट किंवा केमोथेरपी वॉर्डात बदलून आलेली सिस्टर पहिल्या आठवड्यात डॉक्सोरुबिसिनला घाबरते, कारण ते लालभडक असते आणि त्याचा एक थेंब पांढऱ्या पॅडवर पडला तरी दिसतो. सायक्लोफॉस्फामाइडला मात्र कोणी घाबरत नाही, कारण ते पाण्यासारखे दिसते. माझ्या अनुभवाप्रमाणे या कामातली बहुतेक चूक याच बिनरंगी औषधांभोवती घडते, म्हणून पुढचे सगळे विवेचन मी मुख्यतः त्याच एका औषधाच्या आधारे करतो.

उदाहरणासाठी स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी, 'एसी' या नावाने ओळखली जाणारी जोडी घेऊ. रुग्णाची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो असेल, तर शरीराचे पृष्ठफळ साधारण १.६ चौरस मीटर येते. डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ९६ मिलिग्रॅम, आणि सायक्लोफॉस्फामाइड ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ९६० मिलिग्रॅम. हे गणित डॉक्टरांनी केलेले असले तरी फार्मासिस्टने स्वतः पुन्हा करायचे आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे, ही तयारीची पहिली पायरी आहे.

हातमोजे कॅबिनेटजवळ गेल्यावर चढवायचे असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या सीलबंद व्हायलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही औषधाचा अंश असू शकतो, त्यामुळे खोके उघडतानाच मोजे हवेत. तयारीच्या वेळी पावडर नसलेल्या नायट्राइल मोज्यांच्या दोन जोड्या घालाव्यात: आतली जोडी गाऊनच्या मनगटपट्टीखाली आणि बाहेरची तिच्यावर. मोजे फाटले किंवा त्यांवर औषध सांडले तर लगेच, आणि काहीच झाले नाही तरी अर्ध्या तासाने बदलायचे. गाऊन पाठीमागे बांधायचा, समोरून बंद असलेला आणि द्रव आत झिरपू न देणारा असावा. धुऊन वापरायचा सुती ॲप्रन येथे चालत नाही.

काम वर्ग दोनच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच व्हावे, आणि आतली सगळी हवा छतावरून थेट बाहेर सोडणारा बी-२ प्रकार मिळाला तर उत्तम. काही ठिकाणी सलाईनमध्ये अँटिबायोटिक मिसळण्यासाठी घेतलेला आडव्या प्रवाहाचा लॅमिनार फ्लो केमोसाठीही वापरात असलेला दिसतो. त्याची हवा औषधावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. असे यंत्र निर्जंतुकता राखते, पण माणसाला अजिबात वाचवत नाही, आणि सायटोटॉक्सिक औषधासाठी ते वापरण्यास नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा. योग्य कॅबिनेट असले तरी पुढच्या जाळीवर पॅड, रॅपर किंवा कोपर टेकले की हवेचा पडदा तुटतो.

आता व्हायलकडे वळू. सायक्लोफॉस्फामाइडच्या एक ग्रॅम भुकटीत ५० मिलिलिटर सलाईन घातले की दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणून आपल्याला ४८ मिलिलिटर हवे. बंद बाटलीत इतका द्रव एकदम ढकलला तर आतली हवा दाबली जाते, आणि सुई बाहेर काढताना रबरी बुचातून बारीक फवारा उडतो. म्हणून थोडे सलाईन आत सोडायचे, तितकीच हवा सिरिंजमध्ये परत येऊ द्यायची, पुन्हा थोडे सोडायचे. औषध काढतानाही जितका द्रव घ्यायचा त्यापेक्षा किंचित कमी हवा आत सोडायची, म्हणजे बाटलीतला दाब बाहेरच्यापेक्षा सदैव जरा कमीच राहतो. दाब चढला आहे हे ओळखणे सोपे आहे: बोट काढले तरी सिरिंजचा दांडा आपोआप मागे सरकतो, किंवा बुचाशी सुईभोवती एक चमकता थेंब दिसतो. अशा वेळी सुई बाहेर न काढता आधी हवा सिरिंजमध्ये घ्यावी. बंद प्रणालीची उपकरणे किंवा फिल्टर असलेल्या पिना उपलब्ध असतील तर हे पुष्कळ सोपे होते, पण त्या महाग असल्याने सगळीकडे मिळतीलच असे नाही, आणि साध्या सुईचे तंत्र हाताला यायलाच हवे.

सिरिंज ल्युअर लॉकचीच घ्यावी आणि तिच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये, अन्यथा दांडा निसटण्याचा धोका असतो. साठ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४८ मिलिलिटर सहज मावते, पण मर्यादा ४५ची आहे. म्हणून दोन सिरिंजमध्ये २४-२४ मिलिलिटर घ्यावे. कंटाळा येतो, हे खरे आहे. हे सगळे आधी औषधाशिवाय करून पाहायचे असेल तर सलाईनमध्ये थोडे फ्लुओरेसिन मिसळून व्हायल भरावी आणि काम संपल्यावर अंधारात अतिनील दिवा लावावा. मोजे, बाह्या आणि पॅड यांवर चमकणारे ठिपके पाहून आपला हात किती स्वच्छ चालतो ते लगेच कळते.

पिशवीत औषध घालण्यापूर्वीच सलाईन सेट फार्मसीत जोडून साध्या सलाईनने भरून घ्यावा, म्हणजे वॉर्डात हवा काढताना नळीच्या टोकातून औषध टपकत नाही. मग औषध घातलेली पिशवी झिपच्या पिशवीत सीलबंद करून, झाकण असलेल्या कडक डब्यातून, लेबलसह पाठवावी. बाहेरचे मोजे कॅबिनेटमध्येच काढून सीलबंद करावेत; तेच मोजे घालून दाराची कडी किंवा संगणकाचा माऊस हाताळणे हा अंश पसरवण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे.

वॉर्डातला एक प्रसंग सांगतो. त्या दिवशी सेट न जोडता पिशवी वर गेली होती. सिस्टरने ती स्टँडला टांगली आणि हात उंचावून स्पाइक आत घातला. टोक तिरके गेले आणि पिशवीच्या तोंडाची बाजू फाटली. २५० मिलिलिटरची पिशवी आणि आपले ४८ मिलिलिटर मिळून जवळपास ३०० मिलिलिटरमध्ये ९६० मिलिग्रॅम औषध होते, त्यातले सुमारे निम्मे खाली गेले. स्पाइक नेहमी कमरेच्या उंचीवर, पिशवी आडवी धरून, खाली प्लास्टिक अस्तराचा शोषक पॅड ठेवून घालायचा असतो, तो याच कारणाने.

खाली फक्त पाणी सांडल्यासारखे दिसत होते, आणि मावशी फिनाईलची बादली व पोछा घेऊन आल्या. सिस्टरने "मावशी, थांबा, पाय पण ठेवू नका तिथे," असे म्हणून त्यांना रोखले, हा त्या दिवसातला सर्वात महत्त्वाचा निर्णय ठरला. तो पोछा पुढे संपूर्ण वॉर्डात फिरला असता. नंतर रुग्ण आणि नातेवाईक यांना बाजूला करून, सूचनाफलक लावून, स्पिल किट उघडण्यात आले. कॅबिनेटबाहेर पाच मिलिलिटरपेक्षा जास्त सांडल्यास ते मोठे सांडणे मानण्याची पद्धत आहे. दोन जणांनी गाऊन, दुहेरी मोजे, चष्मा, मास्क आणि शूजवरची आवरणे घातली. आधी शोषक पॅड हलकेच टाकून द्रव टिपला, नंतर काठाकडून मध्याकडे पुसत आणले, म्हणजे ओला भाग वाढत नाही. काचेचे तुकडे असते तर किटमधल्या स्कूपने उचलले असते, हाताने नव्हे. भुकटी सांडली असेल तर पॅड आधी पाण्याने भिजवून वरून झाकावा, नाहीतर ती हवेत उडते.

त्यानंतर डिटर्जंटच्या पाण्याने तीनदा आणि शेवटी साध्या पाण्याने जागा धुतली. स्पिरिट वापरायचे नाही. ते औषधाचा नाश करत नाही, फक्त पसरवते. हायपोक्लोराइट काही औषधांवर उपयोगी पडते, पण सगळ्यांवर नाही, म्हणून रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धतीत असेल तरच आणि तेवढ्याच प्रमाणात ते वापरावे. सिस्टरच्या मनगटावर उडालेला भाग साबण-पाण्याने भरपूर धुतला, घासला नाही. डोळ्यात गेले असते तर निदान १५ मिनिटे पाण्याची किंवा सलाईनची धार सोडावी लागली असती.

नवखे लोक येथे एक गोष्ट हमखास विसरतात: किती औषध गेले आणि किती उरले याची नोंद. आमच्या प्रसंगात फाटलेली पिशवी फेकण्यापूर्वी तिच्यात सुमारे १५० मिलिलिटर उरल्याचे लिहून घेतले होते, म्हणून सुमारे ४८० मिलिग्रॅम गेले असा अंदाज डॉक्टरांना देता आला. ती उरलेली मात्रा अर्थातच वापरली गेली नाही. नवीन पिशवी किती मिलिग्रॅमची हवी, हे डॉक्टरांनी ठरवले.

आता कचऱ्याबद्दल. एरवी वॉर्डातली सवय अशी असते की सलाईन सेट लाल पिशवीत, काचेची व्हायल निळ्या डब्यात आणि सुई पांढऱ्या पारदर्शक डब्यात. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सायटोटॉक्सिक औषधांना यातून वगळतात. सायटोटॉक्सिक औषधाशी संपर्क आलेली व्हायल, पिशवी, सेट, मोजे, पॅड या सगळ्या वस्तू पिवळ्या प्रवर्गात येतात आणि पिशवीवर सायटोटॉक्सिकचे चिन्ह हवे. कारण समजून घ्यावे: लाल पिशवीतले प्लास्टिक ऑटोक्लेव्ह करून, तुकडे करून पुनर्वापराला जाते. ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, औषधाचे रेणू नष्ट करण्याची खात्री देत नाही, आणि तो सेट पुढे हाताळणाऱ्या कामगाराला आत काय होते हे कधीच कळत नाही. म्हणून नियम १२०० अंश सेल्सियसहून जास्त तापमानाच्या दहनाची सोय सांगतात, अथवा औषध उत्पादकाकडे किंवा पुरवठादाराकडे परत पाठवण्याची. आपल्या रुग्णालयाचा ज्या प्रक्रिया केंद्राशी करार आहे, तेथे १२०० अंशांची सोय आहे का, हे कोणीतरी एकदा लेखी विचारून ठेवायला हवे. मी विचारल्यावर बऱ्याच ठिकाणी उत्तर देणाऱ्यालाच शोधावे लागले.

सुईबाबत दोन सवयी मोडाव्या लागतात. झाकण पुन्हा लावू नये, हे सगळ्यांना माहीत असते. पण हब कटरमध्ये सुई तोडणेही टाळावे, कारण तोडताना औषधाचे सूक्ष्म तुषार उडतात. सिरिंज सुईसकट छिद्ररोधक डब्यात टाकून, तो डबा पिवळ्या पिशवीत जातो. इन्फ्युजन संपल्यावर स्पाइक बाहेर उपसू नये, पिशवी आणि सेट जोडलेलेच टाकावेत. उरलेले औषध बेसिनमध्ये ओतणे हे मात्र आजही घडताना दिसते. आपल्या उदाहरणातले व्हायलमध्ये राहिलेले सुमारे दोन मिलिलिटर, म्हणजे ४० मिलिग्रॅम, व्हायलमध्येच राहू द्यावे.

शेवटचा भाग सहसा प्रशिक्षणात येत नाही. औषध रुग्णाच्या शरीरातून लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून केमोनंतर निदान ४८ तास युरीनपॉट, डायपर आणि उलटीचे भांडे मोज्यांशिवाय हाताळू नये. डे-केअरमधला रुग्ण त्याच संध्याकाळी घरी जातो आणि पुढचे ४८ तास हे सगळे घरचे लोक करतात. त्यांना निघताना, डिस्चार्जच्या कागदासोबत तोंडीही सांगावे: पुरुषांनीही बसून लघवी करावी, कमोडचे झाकण लावून दोनदा फ्लश करावे, भारतीय पद्धतीचा संडास असेल तर भरपूर पाणी हळू ओतावे, घाणेरडी चादर मोजे घालून वेगळी आणि दोनदा धुवावी, आणि घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.