लाल माती, काळी माती, गवत: खेळपट्टी वाचताना या चुका टाळा

टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन विकेटवर जातात, बुटाच्या टाचेनं जरा खरवडतात, आणि कोणीतरी म्हणतं, "लाल आहे, फास्ट बॉलरला उसळी मिळणार." किंवा, "काळी आहे, स्पिनरला लवकर आणा." क्लब क्रिकेटमध्ये मुलांना शिकवताना मी हे इतक्या वेळा ऐकलंय, आणि दुपारपर्यंत ते चुकलेलंही इतक्या वेळा पाहिलंय, की नीट मांडून लिहावंसं वाटलं. ही वाक्यं निम्मी खरी आहेत, त्यामुळे फसवतात.

पहिली चूक: रंग पाहणं, पाणी न पाहणं

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. लाल माती फारशी फुगत नाही, फारशी आकसत नाही. ती पाणी लवकर सोडते, आणि वाळली की वरचा थर पीठ होऊन सुटायला लागतो.

एकदा मुलांना हे दाखवायला दोन्ही माती भिजवून मळली, लिंबाएवढे गोळे केले आणि आठवडाभर सावलीत वाळत ठेवले. काळा गोळा डोळ्यांना दिसेल एवढा लहान झाला, त्याला चिरा पडल्या, पण बोटांनी फुटेना, दगडासारखा झाला. लाल गोळा होता तेवढाच राहिला आणि अंगठ्यानं दाबल्यावर कडेनं भुगा सुटला. बावीस यार्डांवर घडतं ते हेच, फक्त वर रोलर फिरलेला असतो.

म्हणून काळी खेळपट्टी 'मुळातच संथ' नसते. मेलबर्नची प्रसिद्ध मेरी क्रीकची माती काळीच आहे, आणि तिथे चेंडू छातीपर्यंत येतो. तिथे विकेट खोलपर्यंत वाळवतात, घट्ट दाबतात आणि वर गवत ठेवतात. आपल्याकडे काळ्या विकेटवर चेंडू थांबून येतो, कारण बहुतेक वेळा आत ओल उरलेली असते आणि वर गवत नसतं. माती एवढंच ठरवते की पाणी किती वेगानं जाणार आणि गेल्यावर मागे काय उरणार. आज किती पाणी आहे, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

शेतकऱ्याचा एक शब्द इथे अगदी चपखल बसतो: वाफसा. खूप ओल्या मातीवर रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटते. खूप कोरडीवर फिरवला तर दबतच नाही. वाफसा असताना फिरवला तरच माती खोलवर बसते. काळ्या मातीत हा वाफशाचा वेळ सांभाळणं फार अवघड असतं. पावसानंतर ती वरून वाळलेली दिसते, आत लोण्यासारखी असते. घाईनं रोलर मारला की वर कडक पापुद्रा धरतो. अशा विकेटवर एक चेंडू पापुद्र्यावरून उसळतो, दुसरा तो फोडून थांबतो. ओळखायचं कसं? टाच जोरात दाबा, बॅटही आपटून पाहा. विकेट पक्की असेल तर बॅट आपटल्यावर टणक आवाज येतो. आत ओल असेल तर आवाज बद्द येतो आणि टाचेखाली किंचित दबल्यासारखं वाटतं.

दुसरी चूक: गवत नाही म्हणून सीम नाही, असं धरणं

याचं सगळ्यात महाग पडलेलं उदाहरण 2024 च्या ऑक्टोबरमधलं. न्यूझीलंडविरुद्ध बेंगळुरूची कसोटी. पहिला दिवस पावसानं गेला, विकेट कव्हरखाली राहिली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, तरी रोहित शर्मानं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. भारत 46 वर सर्वबाद. पाच जण शून्यावर. मॅट हेन्रीनं 15 धावांत 5, विल्यम ओरूर्कनं 22 धावांत 4. नंतर रोहितनं उघडपणे मान्य केलं की खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली. विकेटवर फारसं गवत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीनंतर फास्ट बॉलरना मदत मिळणार नाही, असा अंदाज होता.

गवत नव्हतं, पण कव्हरखाली दाबून राहिलेली ओल होती. ओलसर मातीत शिवण किंचित रुतते आणि चेंडूला दिशा बदलायला आधार मिळतो. त्याच विकेटवर ऊन आल्यावर न्यूझीलंडनं 402 केल्या आणि भारतानं दुसऱ्या डावात 462. माती तीच, गवत तेवढंच. गेली ती ओल. (सामना मात्र न्यूझीलंडनं 8 गडी राखून घेतला. पहिल्या डावातलं भगदाड बुजलं नाही.)

गवताचं आणखी एक काम असतं, ते आपल्याकडे कमी लक्षात घेतात. जिवंत गवताची मुळं खालचं पाणी ओढून घेतात. ऊन आणि वारा विकेट वरून वाळवतात, मुळं ती आतून वाळवतात. म्हणून चांगलं गवत वाढवून मग बारीक कापलेली विकेट जास्त टणक होते, उसळी सरळ आणि सारखी मिळते. हिरवं, ओलं पान शिवणीला पकड देतं. वाळून तपकिरी झालेलं गवत सीमला फारसं काही देत नाही, पण मातीला जाळीसारखं धरून ठेवतं, त्यामुळे विकेट उशिरा फुटते. हिरवं की तपकिरी, एवढं पाहून भागत नाही. दोन बोटांत पान धरा. बोटाला गारवा लागला, तर पहिला तास नव्या चेंडूचा. पान चुरचुरलं, तर ती जवळजवळ बॅटिंगची विकेट समजा.

तिसरी चूक: दोन्ही मातींवर एकच फिरकी टाकणं

बेंगळुरूनंतर त्याच मालिकेत, आठवड्याभराच्या अंतरानं पुण्याचं गहुंजे आणि मुंबईचं वानखेडे आलं. एकीकडे काळी माती, दुसरीकडे लाल. दोन्हीकडे फिरकीनं सामना निकालात काढला, दोन्ही तीन दिवसांत संपले. म्हणून लोक म्हणतात, दोन्ही 'टर्निंग ट्रॅक'. पण दोन्हीकडचे बळी सारखे नव्हते.

पुण्यात वॉशिंग्टन सुंदरनं पहिल्या डावात 59 धावांत 7 बळी घेतले, त्यातले बहुतेक त्रिफळा. मग मिचेल सँटनरनं 53 धावांत 7 आणि दुसऱ्या डावात 104 धावांत 6 घेतले. सँटनर काही हातभर चेंडू वळवणारा बॉलर नाही. तो वेग बदलतो आणि स्टंप सोडत नाही. वाळलेल्या काळ्या मातीवर उसळी कमी, आणि चेंडू कुठे पडला त्यावर पुढचं सगळं ठरतं. भेगेच्या कडेला लागला तर वळतो, दोन भेगांमधल्या गुळगुळीत ढेकळावर पडला तर सरळ घुसतो. बॅट्समन वळणासाठी खेळतो आणि सरळ चेंडू पॅडवर किंवा स्टंपवर बसतो. याच मैदानावर 2017 मध्ये स्टीव्ह ओकीफनं दोन्ही डावांत 35 धावांत 6 बळी घेतले होते. विराट कोहलीनं बाहेर वळेल म्हणून सोडलेला चेंडू सरळ आला आणि स्टंपवर गेला. काळ्या मातीवरची फिरकी समजावून सांगायला तो एक चेंडू पुरेसा आहे.

वानखेडेवर एजाज पटेलनं दोन्ही डाव मिळून 11 बळी घेतले. तो चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवतो आणि वरून फिरकी देतो. लाल मातीचा वरचा थर पीठ झालेला, खालचा टणक. शिवण पिठात पकडते, टणक थर चेंडू वर फेकतो. वळण आणि उसळी एकदम मिळते, आणि कड घेतलेला चेंडू हातापर्यंत पोहोचतो. 147 चा पाठलाग करताना कोहली स्लिपमध्ये गेला, जडेजा शॉर्ट लेगला. भारत 121 वर संपला.

आता क्लबची गोष्ट. आमचा एक डावखुरा स्पिनर घरच्या काळ्या विकेटवर सपाट, जोरात टाकून बळी घ्यायचा. मुंबईच्या लाल मातीच्या मैदानावर त्यानं तेच केलं. चेंडू वळत होता, उसळतही होता, पण इतक्या वेगानं की बॅट्समन चुकायचा, कीपरही चुकायचा आणि स्टंपवरून चार बाइज जायच्या. चहानंतर वेग कमी केला, ऑफ स्टंपवरून जरा वर उडवला, स्लिप आणि शॉर्ट लेग लावले. मग कॅच यायला लागले. तोपर्यंत मात्र सामना हातातून गेला होता.

म्हणून लाल मातीवर फिरकी हळू टाका, वर ठेवा, क्षेत्ररक्षक बॅटजवळ आणा. काळ्यावर वेग जरा वाढवा, पण सतत बदलत राहा, रेषा स्टंपची ठेवा आणि सरळ जाणारा चेंडू षटकात एकदा तरी टाका. काळी विकेट अजून ओलसर असेल तर मात्र हे उलटं होतं. तेव्हा चेंडू हळू वळतो आणि बॅट्समनला मागे जाऊन खेळायला वेळ मिळतो. भेगा पडेपर्यंत तिथे धावा रोखणं हेच काम.

चौथी चूक: काळ्या मातीवर चेंडू आपटत राहणं

फास्ट बॉलर लाल विकेटवर आखूड गुड लेंथवर आपटून बळी घेतो, मग काळ्यावरही तिथेच टाकतो. तिथे तो चेंडू कमरेएवढा, निवांत येतो आणि पुल होतो. काळ्यावर टप्पा दोन-तीन फूट पुढे आणा, स्टंपवर टाका. खाली राहणारा चेंडू तुमच्यासाठी पायचीत काढतो. जुना झाल्यावर कटर टाका. त्याला इथे मातीची पकड मिळते.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. पुष्कळ मैदानांवर दोन्ही माती मिसळलेली असते, किंवा खाली एक आणि वर दुसरी. रंग वरच्या थराचा दिसतो, उसळी खालचा थर देतो. म्हणून टॉसच्या आधी ग्राउंड्समन काकांना तीन गोष्टी विचारा: शेवटचं पाणी कधी मारलं, त्यानंतर रोलर किती वेळा फिरला, आणि काल रात्री कव्हर होतं का. ते 'कालच पाणी मारलंय' म्हणाले आणि विकेट काळी असेल, तर तुमचा दुसरा स्पिनर दुपारपर्यंत खिशात ठेवा.