स्लॅब टाकण्याआधी मधल्या बीमवरचं टॉप स्टील

उदाहरणाला एक साधा स्लॅब घेऊ. जाडी १५० मिमी, ४-४ मीटरचे दोन गाळे, मध्ये २३० मिमी रुंद बीम. पंप जोडला होता, पहिला मिक्सर गेटवर उभा होता. सुपरवायझर ड्रॉइंग हातात घेऊन मधल्या बीमपाशी आला आणि तिथेच थांबला. वर सळया दिसत होत्या, पण त्या सगळ्या बीमच्या लांबीने जाणाऱ्या होत्या. बीमला आडव्या, दोन्ही गाळ्यांत शिरणाऱ्या स्लॅबच्या टॉप सळया नव्हत्याच. त्याने पंपवाल्याला थांबायला सांगितलं.

म्हणून स्लॅब टाकण्याआधीच्या तपासणीच्या यादीत पहिलं काम हेच असावं: मधल्या आधारावर उभं राहून सळयांची दिशा बघायची. वरून नुसती नजर टाकली तर बीमचंच स्टील बघून ‘टॉप आहे’ असं वाटतं, आणि ही चूक नेमकी तिथेच लपते.

मग मोजायचं. इथे ड्रॉइंगप्रमाणे १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर हव्या होत्या, म्हणजे बीमच्या लांबीतल्या साडेचार मीटरच्या पट्ट्यात ३१. बीमच्या कडेपासून प्रत्येक बाजूला १.२ मीटर, अर्थात गाळ्याच्या ०.३ पट, म्हणून एका सळईची लांबी २.६३ मीटर. शोधल्यावर कापून बांधलेला गठ्ठा खालीच पडलेला सापडला. असा उरलेला गठ्ठा दिसला तर तो कुठला, हे विचारल्याशिवाय पंप सुरू करू नये.

या सळया नसल्या तर काय होतं? आधारावर स्लॅबचा वरचा भाग ताणला जातो. तो ताण घ्यायला स्टील नसेल तर बीमच्या रेषेत वरून तडा जातो आणि दोन्ही गाळे सुटे, साध्या टेकूवरच्या स्लॅबसारखे वागतात. दोन्ही गाळ्यांवर सारखा भार धरला तर गाळ्यातला वाकवणारा मोमेंट सुमारे पावणेदोनपट होतो. खालचं स्टील तेवढ्यासाठी दिलेलं नसतं, त्यामुळे स्लॅब वाकायला लागतो. सेंटरिंग काढेपर्यंत यातलं काहीच दिसत नाही, हीच खरी अडचण.

सळया बसवल्या की उंची तपासायची. सळईच्या वर २० मिमी काँक्रीटचं कव्हर हवं, तर सेंटरिंगच्या फळीपासून सळईच्या माथ्यापर्यंत १३० मिमी भरायला हवेत. सळया उचलून धरणाऱ्या खुर्च्या साधारण मीटरभर अंतरावर, टॉप सळयांना आडव्या बांधलेल्या वितरण सळयांच्या खाली. सळई ३० मिमी खचली तर प्रभावी खोली, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, १२५ वरून ९५ मिमी होते, जवळजवळ चौथा भाग गेला. स्टील आहे, पण कामाचं उरत नाही.

गेटवरचा मिक्सर पाणी घालून ताटकळत ठेवू नये. वेळेत दुसरीकडे वापरता येत नसेल तर परत पाठवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून फोटो काढावा आणि भराई चालू असताना एक फिटर त्या बीमपाशीच ठेवावा, कारण पाइप ओढताना माणसांचे पाय याच सळयांवर पडतात.