मुलांचं लिखाण वाचकाला झेपेल का? तपासताना या चुका टाळा

समजा नववीतल्या मुलीने चौथीच्या मुलांसाठी डेंग्यूवर माहिती लिहिलीये आणि त्यात हे वाक्य आहे: "डेंग्यूचा प्रसार रोखण्याकरिता साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांचे आठवड्यातून एकदा रिकामीकरण करून ती कोरडी ठेवणे अत्यावश्यक आहे."

बरेच जण पहिली चूक इथेच करतात, ती म्हणजे फक्त शब्द मोजतात. शब्द आहेत १५, म्हणजे वाक्य काही फार लांब नाही, पण चौथीतला मुलगा अडकणारच, कारण करायचं काम "रिकामीकरण" या नामात लपलंय, कोणी करायचं ते कळत नाही आणि साठवलेल्या पाण्याचा डेंग्यूशी काय संबंध तेही नाही. आता हे बघा: "आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करा, घासा आणि कोरडी करा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात." शब्द १६, म्हणजे एक वाढलाच, तरी वाचायला किती सोपं झालं! आणि "घासा" हवंच, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

दुसरी चूक, इंग्रजीसाठी बनवलेला रीडेबिलिटी स्कोअर, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा ते सांगणारा आकडा, मराठीला लावणं. असा स्कोअर काढणारं रुडॉल्फ फ्लेशचं १९४८ चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातली अक्षरं म्हणजे सिलॅबल मोजतं, पण आपल्याकडे "भांड्यांमधल्या" हा एकच शब्द असतो, इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतात, त्यामुळे आपला शब्द लांब दिसतो आणि साधा मजकूरही अवघड ठरतो. शिवाय "डॉ." मधल्या टिंबावर काही टूल्स वाक्य संपलं असं धरतात. म्हणून हा आकडा मुलांना मार्क द्यायला वापरू नका प्लीज.

सरासरीनेही फसायला होतं. चार वाक्यं ५, ६, ५ आणि ३२ शब्दांची असली तर सरासरी येते १२, एकदम छान वाटते, पण मूल त्या ३२ वाल्यातच हरवतं. त्यामुळे सर्वात लांब वाक्य आधी शोधा आणि त्यात क्रियापदापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघा.

मग काही जण उलट टोकाला जातात आणि सगळंच तोडून टाकतात. "डास चावतो. ताप येतो. पाणी साठवू नका." यात तापाचा आणि पाण्याचा संबंधच तुटला, "म्हणून" आणि "कारण" काढले की मुलाला दुवा स्वतः जोडावा लागतो. अवघड शब्दांचंही तसंच आहे, "अळी" काढायची गरज नाही, पहिल्यांदा येईल तिथे "अंड्यातून निघणारी, पाण्यात वळवळणारी अळी" एवढं लिहिलं की झालं, पण "अत्यावश्यक" ऐवजी "करायलाच हवं" चालतं.

शेवटी चौथीतल्याच एका मुलाला मोठ्याने वाचायला द्या. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता घरी जाऊन काय करशील?" विचारा, आणि तो "भांडी घासीन" म्हणाला नाही तर तो कुठे अडखळला होता तिथे पेन्सिलने खूण करून मजकूर परत त्या मुलीकडे द्या.