कॉफी मशीनच्या पाण्याच्या टाकीतली बुरशी: ओळखायची कशी, काढायची कशी

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत नळाला पाणी रोज येत नाही. आलं की ते ड्रममध्ये भरायचं, त्यातलं आरओला लावायचं आणि तेच कॉफी मशीनच्या टाकीत ओतायचं. पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात जंतूंना आवर घालणारं क्लोरीन उरलेलं नसतं. साठवणीत ते उडून जातं आणि उरलंसुरलं आरओचा कार्बन फिल्टर काढून टाकतो. म्हणून आरओचं पाणी टाकीत दोन-तीन दिवस पडून राहिलं की बुळबुळीत थर लवकर धरतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे क्षार साचतात आणि त्या खडबडीत पापुद्र्याला हा थर आणखी घट्ट चिकटतो.

मशीनमध्ये पाणी उकळतं, मग जंतू मरतातच, असं बरेच जण म्हणतात. पण गरम होतो तो पुढचा भाग. टाकी आणि तिथून हीटरपर्यंत जाणारी नळी खोलीच्या तापमानालाच असते. वाढ तिथेच होते आणि सुटलेला गाळ प्रत्येक कपाबरोबर पुढे जातो.

ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट बरं. टाकी रिकामी करा, हात धुवा आणि आतल्या कडेवर, विशेषतः पाणी जिथपर्यंत भरतो त्या रेषेवर, बोट फिरवा. बोट घसरलं तर तो जंतूंचा थर. नखाला खरखरीत लागलं आणि पांढरं दिसलं तर क्षार. गुलाबी किंवा नारिंगी छटा जिवाणूंमुळे येते, तर झाकणाखाली किंवा रबरी रिंगेत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. टाकीला ओल्या फडक्यासारखा कुबट वास येत असेल किंवा पाण्यात मऊ तंतू तरंगत असतील, तर त्या दिवशी कॉफी करू नका.

लातूरला माझ्या मावसबहिणीकडे दिवाळीनंतर हेच झालं. साधं फिल्टर कॉफीचं मशीन, काढता येणारी टाकी. गावाला जाताना टाकीत अर्धं पाणी तसंच राहिलं. परतल्यावर पाणी नितळ दिसत होतं, पण टाकी उलटी धरली तेव्हा तळाच्या झडपेच्या जाळीवर शेंबडासारखा गोळा अडकलेला. वरून खळबळून तो निघाला नसता.

आम्ही आधी मशीनचा प्लग काढला, टाकी सुटी केली आणि आतला फिल्टर काढून टाकला. असा फिल्टर धुऊन परत लावू नये, नवाच घ्यावा. मग कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन बाटलीच्या ब्रशने टाकी घासली. घासणं महत्त्वाचं, कारण नुसतं भिजवून हा थर सुटत नाही. तारेची घासणी मात्र नको. तिचे ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्यांतच धरतो. झडप बोटाने दाबून धरून मऊ टूथब्रशने जाळी घासली, रबरी रिंग काढून तिची खाच कापसाच्या काडीने पुसली. सगळं वाहत्या पाण्याखाली धुतलं.

उरली आतली नळी. तिथे ब्रश जात नाही. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत भरलं, कॉफी न घालता अर्धं पाणी मशीनमधून काढलं, मशीन बंद करून अर्धा तास थांबलो आणि उरलेलं काढलं. त्यानंतर साध्या पाण्याच्या तीन टाक्या सोडल्या. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा. लिंबूसत्त्वाने क्षार निघतात, त्यांना धरून बसलेला गाळही सुटतो, पण नुसत्या आंबट पाण्यावर भिस्त ठेवून घासणं टाळलं तर बुळबुळ परत येते.

ब्लीच मशीनमधून कधीही सोडू नका. आतले धातूचे भाग खराब होतात. काळी बुरशी परत आलीच आणि पुस्तिकेत मनाई नसेल, तर फक्त सुट्या टाकीसाठी, साबणाने धुऊन झाल्यावर, लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा साधं बिनवासाचं ब्लीच दहा मिनिटं ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. हे खिडकी उघडी ठेवूनच करा, आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर वापरलं त्याच दिवशी तर नकोच. ब्लीच आणि असा आंबट पदार्थ एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रोजचं काम थोडंच आहे. शेवटची कॉफी झाली की उरलेलं पाणी ओतून द्या, टाकी विसळा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत उपडी वाळू द्या. कडक उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. आठवड्यातून एकदा साबणाने घासा. पावसाळ्यात टाकी लवकर वाळत नाही, तेव्हा आठवड्यातून दोनदा. लिंबूसत्त्व महिन्यातून एकदा, बोअरचं पाणी असेल तर पंधरवड्याला. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर स्वच्छता होईपर्यंत त्यांची कॉफी पातेल्यातच करा.

इतकं करूनही रिंगेवरचे काळे डाग गेले नाहीत, तर बुरशी रबरात शिरलेली असते. अशी रिंग बदलायचीच. टाकीला आतून बारीक तडे दिसले तर टाकीही बदला.